एसी लावला की बाथरूमचा पंखा बंद का करायचा?

लातूरच्या फ्लॅटची किल्ली देताना जिन्यात मी एवढंच बोललो होतो, "एसी लावला की बाथरूमचा पंखा बंद ठेवा." तुम्ही हो म्हणालात. का बरं, हे तुम्ही विचारलं नाही आणि गाडीची वेळ झाल्यामुळे मलाही सांगता आलं नाही. म्हणून आता निवांत लिहायला बसलोय. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मधेमधे मास्तरकी होईल. तेवढी सांभाळून घ्या.

आधी त्या पंख्याचंच सांगतो. बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे आणि त्याच खोलीला लागून बाथरूम आहे. बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवलाय. हा पंखा तासाला साधारण २०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. तुमची बेडरूम दहा बाय बारा फुटांची, म्हणजे तिच्यात सगळी मिळून ३४ घनमीटरच्या आसपास हवा मावते. हिशेब केला तर पंखा दहा मिनिटांत अख्ख्या खोलीएवढी हवा ओढून घेतो. आता गंमत अशी की खोली काही रिकामी होत नाही. जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच कुठून ना कुठून आत येते. बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून तुमची गार हवा जाते आणि तिच्या जागी खिडकीच्या फटींतून, दाराखालून, पडद्याच्या पेटीतून बाहेरची ४२ अंशांची हवा शिरते. तेवढी हवा पुन्हा २५ अंशांवर आणायची तर साधारण एक किलोवॅट थंडावा खर्ची पडतो. दीड टनाच्या एसीची पूर्ण ताकद पाच किलोवॅटच्या थोडी वर असते, म्हणजे पाचवा हिस्सा नुसता त्या पंख्यामागे जातो. पंखा स्वतः तीस-चाळीस वॅटच खातो, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याकडे पाहुणे आले की हमखास हा पंखा रात्रभर चालू राहायचा आणि सकाळी म्हणायचे, "तुमचा एसी काही गार करत नाही हो."

अंघोळ झाल्यावर वाफ घालवायला पंखा लागतो, हे खरं. तेव्हा बाथरूमचं दार लावून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी बंद करा. पण पंखा चालू असताना बाथरूमची झडपांची खिडकी उघडी ठेवू नका. ती पंख्यापासून हातभर अंतरावर आहे. उघडी ठेवली की पंखा तिच्यातूनच हवा घेतो आणि शेजारून बाहेर टाकतो. खालची वाफ जागची हलत नाही. खात्री करायची असेल तर एक उदबत्ती लावून दाराच्या फटीपाशी धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर पंख्याला हवा नीट मिळतेय. धूर तिथंच घुटमळत वर गेला, तर पंखा नुसता फिरतोय.

हीच उदबत्ती स्वयंपाकघरातही चालते. तिथला पंखा नऊ इंची आहे. ठेच्याच्या मिरच्या भाजताना घरभर ठसका लागला की माणसं आधी पंख्याशेजारची खिडकी उघडतात आणि तिथंच चुकतात. ती बंद करा आणि हॉलची बाल्कनीकडची खिडकी चार बोटं उघडा. मग हवा हॉलमधून येते, गॅसवरून जाते आणि मिरच्यांचा ठसका घेऊन बाहेर पडते. तेवढा वेळ बेडरूमचं दार मात्र लावलेलं असू द्या. या पंख्याच्या मागं ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. पंखा बंद झाला की त्या आपल्या वजनानं खाली पडायला हव्यात. फोडणीचं तेल आणि धूळ बसून त्या उघड्याच चिकटतात आणि दुपारची झळ थेट ओट्यावर येते. दोन महिन्यांतून एकदा बटण बंद करून पाती आणि पट्ट्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून घ्या. मोटारीवर पाणी उडू देऊ नका.

आता एसी. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाल्कनीतल्या पेटीतून बाहेर टाकतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं. बाहेरच्या पेटीला उष्णता टाकायला जागा मिळाली नाही तर आतलं यंत्र कितीही चांगलं असो, खोली गार होणार नाही. एका एप्रिलमध्ये आमच्या सौभाग्यवतींनी त्या पेटीच्या गरम वाऱ्यात कुरडया वाळत घातल्या. पेटीसमोर खाट, खाटेवर साडी, साडीवर कुरडया. कुरडया झकास वाळल्या. एसी मात्र दुपारी दोनला बंद पडायचा आणि सहाला आपोआप सुरू व्हायचा. पेटीनं फेकलेली गरम हवा साडीला आपटून परत तिच्यातच जात होती आणि दाब वाढला की यंत्र स्वतःला वाचवायला थांबत होतं. पेटीच्या पुढं निदान दोन-तीन फूट मोकळं ठेवा. मागून, बाजूनंही पोती, सायकल असलं काही टेकवू नका. वर ताडपत्रीही नको.

रिमोटवर १८ लावल्यानं खोली लवकर गार होत नाही. खोली ३६ अंशांवर आहे तोवर तुम्ही १८ सांगा की २५, यंत्र आपल्या पूर्ण ताकदीनंच चालतं. फरक पडतो तो नंतर. २५ वर ते हळू होतं, १८ वर धावतच राहतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा ठोकताळा असा की एक अंश वाढवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. आम्ही २६ लावून वर छताचा पंखा एकवर ठेवायचो.

लाईट गेली आणि आली की एसी लगेच सुरू झाला नाही म्हणून बटणं दाबत बसू नका. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात, म्हणून तो मुद्दाम थांबतो. खरं तर आपल्याकडं लाईट आल्याबरोबर व्होल्टेज दोन-चार मिनिटं वरखाली होतं. तेवढा वेळ दारामागच्या पेटीतला एसीचा खटका, म्हणजे एमसीबी, खाली ठेवलात तर उत्तम.

मार्च ते मे हवेत धुरळा फार, त्यामुळे जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. आधी एमसीबी बंद. पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचला, दोन जाळ्या खाली सरकवून काढा आणि नळाखाली उलट्या बाजूनं धरा, म्हणजे धूळ जशी आली तशी बाहेर पडेल. सावलीत वाळवा, उन्हात जाळीची चौकट वाकडी होते. जाळी तुंबली की आतल्या गार नळ्यांवरून हवा कमी जाते, नळ्या शून्याखाली जातात, हवेतला ओलावा त्यांच्यावर गोठतो आणि एसी बंद केल्यावर तो बर्फ वितळून गादीवर टपकतो.

टपकण्याचं दुसरं कारण जूनमध्ये दिसतं. उन्हाळ्यात आपली हवा एवढी कोरडी असते की बाल्कनीतल्या एसीच्या पाइपातून पाणी जेमतेम येतं. तीन महिन्यांत त्या पाइपात धूळ वाळून बसते. पहिला पाऊस पडला, हवा ओली झाली, की पाणी एकदम वाढतं आणि वाट न मिळाल्यानं भिंतीवरून उतरतं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात पाइपाच्या बाहेरच्या टोकाला तोंडानं किंवा हवेच्या पंपानं एकदा जोरात फुंकर मारा. पावसाळ्यात पाइपाखाली बादली लावली तर रात्रीत चांगलं पाणी जमतं. त्यानं फरशी पुसा, कुंड्यांना घाला, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. नळ्यांवरची धूळ आणि धातूचा अंश त्यात उतरलेला असतो.

आणि एक. सर्व्हिसिंगला आलेला माणूस "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" असं सांगतोच. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, ती आधी दाखव म्हणावं. तुम्हाला स्वतःला ताडून पाहायचं असेल तर साधा थर्मामीटर घ्या. एसी पंधरा मिनिटं चालल्यावर जाळीवर हवा आत जाते तिथलं तापमान बघा आणि झडपेतून बाहेर येते तिथलं बघा. जोरात चालू असताना दहा अंशांच्या आसपास फरक असेल तर गॅसचं नाव काढायचं कारण नाही. फरक चार-पाचच असेल तर आधी जाळी धुवून पुन्हा मोजा, मग माणूस बोलवा.

कूलर आणलात तर तो एसीसोबत कधीही लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढतो, दोघं रात्रभर एकमेकांशी भांडतात. नुसता कूलर लावला तर मात्र सगळं उलटं करायचं, खिडकी उघडी आणि बाथरूमचा पंखा चालू. ओली हवा बाहेर गेली तरच कूलर गार करतो.

राहिला गीझर, आणि खरी काळजी त्याचीच आहे. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा आहे. आत एक बंद टाकी, तिच्यात खाली तांब्याची कॉइल. गार पाणी खालून शिरतं, गरम पाणी वरच्या टोकाला उघडणाऱ्या नळीतून बाहेर पडतं. गरम पाणी स्वतःहून येत नाही, गच्चीवरच्या टाकीतून खाली आलेलं गार पाणी त्याला ढकलतं. म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी असेल तर गीझरमध्ये काठोकाठ गरम पाणी असूनही नळाला थेंब येणार नाही. तुम्ही म्हणाल, आत पाणी आहे ना, मग काळजी कसली? पण टाकी रिकामी असताना ते पाणी मागच्या वाटेनं खालीही उतरू शकतं. त्याला अडवणारा व्हॉल्व्ह आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पाण्याशिवाय कॉइल चालू झाली की ती मिनिटांत जळते.

लातूरमध्ये ही भीती पुस्तकी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते गाव आहे हे. आताही मांजरा धरणाचं नळाचं पाणी रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअर, कधी टँकर. म्हणून सवयच लावून घ्या, आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा. धार फसफस न करता सलग आली की मगच बटण. हवा खात, थुंकत थुंकत येत असेल तर सलग होईपर्यंत थांबा.

वेळेचा हिशेब असा. जानेवारीत टाकीचं पाणी २० अंशांवर असतं. पंधरा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला दोन किलोवॅटला सुमारे २१ मिनिटं लागतात आणि पाऊण युनिटाला थोडी कमी वीज जाते. मग लाल दिवा आपोआप विझतो. त्या पंधरा लिटरांत तेवढंच गार पाणी मिसळलं तर ४० अंशांचं तीस लिटर होतं, म्हणजे दोन माणसांच्या अंघोळी बादलीनं नीट होतात. शॉवरखाली उभे राहिलात तर दुसऱ्याला थांबावं लागेल. दिवसभर बटण चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. आतलं पाणी हळूहळू निवतं आणि गीझर पुन्हापुन्हा तेच तापवतो. तापमानाचं चक्र ६० वर लावलंय, तिथंच राहू द्या. आठ-दहा दिवस गावाला जाऊन आलात तर एकदा पूर्ण तापवून आतलं शिळं पाणी सोडून द्या, मग वापरा.

कधी २१ मिनिटांऐवजी ३४ लागली तर गीझर बिघडला असं समजू नका. सकाळी सगळ्या इमारतीत गीझर लागतात आणि व्होल्टेज उतरतं. २३० चं १८० झालं की कॉइलची ताकद निम्म्याच्या थोडी वर उरते, साधारण ६० टक्के, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. पहाटे साडेपाचला लावून बघा, पुन्हा एकवीसवर येईल.

मेमध्ये उलटा प्रकार. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी असं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा हात धुवायला गरम पाण्याचा नळ सोडा. बंद गीझरमध्ये रात्रीचं पाणी अडकलेलं असतं, पहिले काही लिटर बरेच गार येतात.

गीझर तापताना खालच्या छोट्या पितळी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळेल. ती गळती नाही. पंधरा लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की पेलाभर फुगतं, आणि परतीची वाट बंद असल्यामुळे तो वाढलेला पेला तिथून बाहेर पडतो. आधीच्या एका भाडेकरूंना ते टपटप आवडलं नाही, त्यांनी व्हॉल्व्हचं तोंड एम-सीलनं बुजवून टाकलं. आठवड्याभरानं गीझरखालची विणलेली जोडनळी फुटली आणि बाथरूमभर पाणी झालं. नळी फुटली हे नशीबच, टाकी फुटली असती. त्या तोंडाला मी आता बारीक नळी लावून ती खाली मोरीपर्यंत सोडलीय, ती काढू नका. गीझर बंद असतानाही दिवसभर गळत राहिलं, तर मात्र व्हॉल्व्ह खराब झालाय.

आता क्षार. बोअरच्या पाण्यातला चुना पाणी तापलं की वेगळा होतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच बसतो. लोक म्हणतात, क्षार बसला की पाणी तापायला वेळ लागतो. विजेच्या गीझरमध्ये तसं फारसं होत नाही, कारण कॉइल पाण्यातच बुडालेली असते आणि तिची उष्णता दुसरीकडे जाणार कुठं? होतं ते असं की चुन्याच्या थराखाली कॉइल स्वतःच बेसुमार तापते आणि एक दिवस तिचं तांबं तडकतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्याकडं हेच झालं. महिनाभर आधीपासून तापताना आतून खडखड आवाज यायचा, पातेल्यात खडे उकळावेत तसा. बादलीच्या तळाला पांढरे खपले दिसायचे. मास्तर असूनही मी चालढकल केली. मग एका सकाळी गीझर लावल्यावर पाच मिनिटांत अख्ख्या घराची लाईट गेली. दारामागच्या पेटीत एमसीबी सगळे वर होते, पडला होता तो रुंद खटका, ज्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण आहे. तो आरसीसीबी. वीज जास्त ओढली की एमसीबी पडतो. वीज भलतीकडं, म्हणजे पाण्यात किंवा माणसाच्या अंगातून जायला लागली की हा पडतो, तीस मिलिअँपियरवर. मी गीझरचा एमसीबी खाली केला, रुंद खटका वर केला, तो टिकला. गीझर परत लावला, पुन्हा पडला. म्हणजे चोर सापडला. इलेक्ट्रिशियननं खालची तबकडी उघडली तर दोन ओंजळी चुना निघाला. कॉइल जणू चुन्यात बुडवून काढलेली आणि वाकाजवळ केसाएवढी चीर. शेजारची मॅग्नेशियमची कांडी बोटाएवढी जाड असते, ती झिजून दाभणाएवढी झाली होती. टाकीऐवजी गंज आपल्यावर ओढून घेणं हेच तिचं काम, त्यामुळे ती संपली की पाळी टाकीची. कॉइल आणि कांडी दोन्ही बदलली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये, थंडीच्या आधी, मी आतून साफ करून घेतो. यंदाचंही मीच सांगितलंय, माणूस येईल, पैसे माझ्याकडून. तुमच्याकडून दोनच गोष्टी. खडखड ऐकू आली तर ऑक्टोबरची वाट न बघता मला फोन करा. आणि तो रुंद खटका पडला तर वर मी केलं तसं एकदाच करून बघा. गीझरमुळे पडत असेल तर गीझरचा एमसीबी खालीच ठेवा, पुन्हा पुन्हा लावू नका आणि त्या खटक्याला बायपास करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. महिन्यातून एकदा टी बटण दाबा. लाईट गेली तर खटका जिवंत आहे, वर करून टाका. गेली नाही तर तो त्याच आठवड्यात बदलायचा.

एसी आणि गीझर दोन्ही सोळा अँपियरच्या आपापल्या सॉकेटवर आहेत, दुसरीकडं हलवू नका. दोघांची कागदपत्रं स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात, निळ्या पिशवीत. एसीच्या झाकणासाठी लागणारा स्टूल गॅलरीत आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालून मगच चढा.